चव्वेचाळिसाव्या मिनिटाचा गुण

सोमवारी सकाळी साडेनऊला डिम्पना टार्पीने कानाला हेडफोन लावले आणि सगळ्यात आधी आवाज कमी केला. टॉस मॅन्यनचं समालोचन पूर्ण आवाजात ऐकलं की दुपारपर्यंत डोकं उठतं, हे ती फार वर्षांपूर्वीच शिकली होती.

"आणि बॉल चढला हो, चढला! अजून चढतोय! अरे देवदूतांनो, डोकी सांभाळा! ल्यूक फॅलन, आई शप्पथ, हा पाय आहे का तोफ आहे? पांढरा झेंडा! पांढरा झेंडा वर!"

डिम्पनाने यंत्र थांबवलं आणि लिहिलं : २३व्या मिनिटाला ल्यूक फॅलनची फ्री किक, ३५ मीटर, गुण. किलमोरन ०-६, द्रुमकास १-२.

झालं. देवदूत गेले, तोफ गेली; राहिला पांढऱ्या झेंड्याचा, म्हणजे आडव्या दांडीवरून गेलेल्या बॉलचा, एक गुण, आणि आकडे : आधी गोल, मग गुण. पगार तिला ह्याचाच मिळत होता. जिल्ह्याच्या साप्ताहिकाचं क्रीडापान एकतीस वर्षं तिच्याकडे होतं. रविवारी एकाच वेळी दोन मैदानांवर आयरिश मातीतल्या गेलिक फुटबॉलचे दोन सामने, आणि पेपराकडे बातमीदार एक. ती एका मैदानावर जायची. दुसऱ्या मैदानावर स्थानिक रेडिओचा टॉस असायचा, आणि सोमवारी सकाळी त्याच्या समालोचनाची फाइल तिच्याकडे यायची. त्या गदारोळातून सातशे शब्दांची शांत बातमी काढायची आणि चार वाजता पान सोडायचं. बुधवारी पेपर स्टॉलवर.

टॉस काय वाटेल ते बोलायचा. संतांना मैदानात उतरवायचा, पंचांच्या चष्म्याची चौकशी करायचा, कोपऱ्यातल्या गायींचं मत विचारायचा. पण त्या सगळ्या फेसाखाली माल पक्का असायचा. कोणी मारला, कुठल्या पायाने, किती अंतरावरून, कितव्या मिनिटाला. इतर समालोचकांकडून हे चौघांना फोन करून काढावं लागतं. टॉसचा फेस फुंकला की खाली बातमी तयार.

म्हणजे, असायची. गेल्या दोन महिन्यांत डिम्पना जरा कंटाळली होती. टॉसने उजव्याचा डावा पाय केला होता. एका पोराला त्याच्या काकाचं नाव दिलं होतं. एकदा तर नऊ नंबरच्या खेळाडूला सगळा वेळ भलत्याच नावाने हाका मारल्या. ह्यात काही विशेष नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. ह्या भागातले प्रशिक्षक महा बिलंदर. सामन्याच्या पत्रिकेत छापायला एक संघ देतात आणि मैदानात दुसराच उतरवतात. तेराचा शर्ट अकराच्या अंगावर, अकराचा गडी घरी अंथरुणात. समोरच्याला गंडवायच्या नादात समालोचकाची वाट लागते. तेव्हा ती क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावायची, नाव दुरुस्त करायची आणि गप्प बसायची. टॉसला सांगायचीसुद्धा नाही. साठी उलटलेल्या माणसाला कशाला टोचत बसायचं?

पावणेअकराला तिने शेवटची शिट्टी ऐकली, हेडफोन मानेवर उतरवले आणि बेरीज केली. बातमीच्या तळाशी गुण मिळवणाऱ्यांची यादी छापायची पद्धत होती. कोणी किती गोल, किती गुण, त्यातले फ्री किकवर किती. लोक बातमी वाचत नाहीत, ही यादी वाचतात. कित्येक घरांत ती कापून बायबलमध्ये ठेवतात.

किलमोरन ०-१३. बरोबर.

द्रुमकास १-१०.

तिने पुन्हा मोजलं. गोलचे तीन आणि वरचे दहा, म्हणजे तेरा. तिच्या कागदावर सामना बरोबरीत सुटला होता. आणि खरा निकाल काल संध्याकाळपासून सगळ्या जिल्ह्याला पाठ होता : द्रुमकास १-११, एका गुणाने विजयी, पंधरा दिवसांनी अंतिम सामना. ज्या गुणाने द्रुमकास जिंकलं, नेमका तोच तिच्याकडे नव्हता.

"च्यायला," डिम्पना म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरून संपादक फिंटन लव्हेलने मान वर केली. तो चाळिशीचा, नीटनेटका आणि सदा घाईत. "काय झालं?"

"एक गुण हरवलाय."

"मग शोध. चारला पान जायचंय."

"मला वाटलं, तू म्हणशील उद्या दे."

फिंटन हसला नाही. डिम्पनानेही त्याच्याकडून ती अपेक्षा केव्हाच सोडली होती.

गुण हरवणं नवं नव्हतं. कधी कप कलंडतो, कधी शिंक येते, एखादा निसटतो. तिने फाइल मागे नेली आणि फक्त टॉसने फलक वाचलेल्या जागा तपासल्या. एकेचाळिसाव्या मिनिटाला तो म्हणाला, १-८. तिच्याकडेही १-८. एकोणपन्नासाव्या मिनिटाला तो म्हणाला, १-९. तिच्याकडे तेव्हाही १-८च. म्हणजे भानगड ह्या आठ मिनिटांतली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, क्रीडा विभाग का? मी ओरन गिल्डी. द्रुमकासचा. चार नंबर."

चार नंबर म्हणजे कोपऱ्यातला बचावपटू. ओरन गिल्डी अकरा वर्षं तिथे उभा होता. अकरा वर्षांत तिने त्याचं नाव फक्त संघाच्या यादीत आणि पिवळ्या कार्डांच्या यादीत छापलं होतं.

"बोला, ओरन."

"तुम्हाला त्रास नाही ना देत? म्हणजे, मी काही नाव छापून आणायला फोन करणाऱ्यांतला नाही हं."

"नाव छापून आणायला फोन करणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. बोला."

पलीकडून तो ओशाळून हसला. "काल मी एक पॉइंट मारला. दुसऱ्या हाफमध्ये. पुढे मोकळं रान दिसलं, पळत सुटलो, कोणी अडवेचना, मग मारला. झेंडा वर गेला. आयुष्यातला पहिला."

"मग अभिनंदन."

"अहो, अभिनंदन कसलं! आमचे म्हातारे घरी रेडिओ लावून बसले होते. त्यांना आता मैदानावर नेता येत नाही. मी घरी गेलो, म्हटलं, बाबा, ऐकलंत का? तर म्हणतात, काय ऐकायचं? म्हटलं, माझा पॉइंट! तर म्हणतात, टॉस मॅन्यन काही बोलला नाही, म्हणजे तू मारला नाहीस. रात्रभर तेच. आईने शपथा घातल्या तरी ऐकत नाहीत. म्हणतात, बुधवारी पेपरात येऊ दे, मग बघू."

डिम्पनाने पेन्सिल उचलली. "कितवं मिनिट?"

"त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल."

"पाय?"

"उजवा. डावा मला पायऱ्या चढायलाच आहे."

"अंतर?"

"तीस मीटर... नाही, पंचवीस धरा. खोटं नको."

तिला तो माणूस आवडला. जास्त सांगणारे रोज भेटतात, कमी सांगणारा वर्षाकाठी एखादा. तिने द्रुमकासच्या सेक्रेटरीला फोन लावला, मग सामन्याच्या पंचाला. दोघांनी एकच सांगितलं. चव्वेचाळिसावं मिनिट, गिल्डी, चालत्या खेळातून. गुण सापडला. आता काम संपलं म्हणून ती बातमी टाइप करायला बसू शकत होती, आणि नंतर कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की तशी बसली असती तर बरं झालं असतं.

पण टॉस तेव्हा करत काय होता? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मैदानात बचावपटू पन्नास मीटर धावत सुटतो, सगळं गाव उभं राहून ओरडतं, आणि टॉस मॅन्यन गप्प? टॉस तर नाणेफेकीलासुद्धा ओरडतो.

तिने फाइल बेचाळिसाव्या मिनिटावर नेली.

तिथे टॉस गप्प नव्हता. चांगला तारस्वरात होता. ही जागा ती सकाळी पुढे ढकलून गेली होती, कारण कानाने दोन शब्दांतच ओळखलं होतं की टॉस जुन्या आठवणींत शिरलाय. तो दर सामन्यात शिरायचा. तेवढ्यात चहाचा घोट घ्यायचा आणि फाइल पुढे न्यायची, ही तिची जुनी सवय. ह्या वेळी तिने नेली नाही.

"द्रुमकासकडे बॉल, मधल्या भागात. वारा तोंडावर. आणि हा निघाला! बघा, बघा हा कसा निघालाय! जार्लथ टार्पी!"

डिम्पनाचा हात यंत्रावर होता, तो तिथेच राहिला.

"जार्लथ टार्पी, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, अरे पडला! नाही पडला! बूट गेला! उजवा बूट चिखलात राहिला लोकहो, आणि हा गडी मोज्यावर पळतोय! मारू नकोस जार्लथ, लांब आहे... मारला! डावा पाय! चाळीस यार्ड! वाऱ्यावर वाकला, वाकला, आत आला... गेला! मधून गेला! पांढरा झेंडा! मोज्यावर उभा राहून मारलाय हो पोराने!"

मागे गर्दी खरंच गरजत होती. ती ओरन गिल्डीसाठी गरजत होती.

जार्लथ टार्पी डिम्पनाचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने तो गुण मारला होता सत्त्याऐंशीच्या अंतिम सामन्यात, म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वी.

तिने तो तुकडा पुन्हा ऐकला. मग बातमीदाराच्या कानाने तिसऱ्यांदा ऐकला. आठवण सांगताना टॉस नेहमी म्हणायचा, "मला आठवतंय," किंवा, "त्या वर्षी काय झालं होतं." इथे तसं काही नव्हतं. सगळं आत्ता, डोळ्यासमोर. आणि गर्दी शांत झाल्यावर तो जरा थबकला होता, चार-पाच सेकंद, आणि मग त्याने हळूच, जवळजवळ कुजबुजत सोबतच्या तंत्रज्ञाला विचारलं होतं, "आत्ता कोणी मारला?" मग जाहिरात लागली होती. पशुखाद्याची.

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, टॉस रंगलाय. त्याच्या समालोचनाचा एकेक शब्द उलगडून त्यातून खरं काय ते वेचणारं माणूस जिल्ह्यात एकच होतं, आणि त्या माणसाने दोन महिने त्याच्या चुका गुपचूप पुसल्या होत्या. पेपर बरोबर निघायचा, म्हणून टॉस बरोबर ठरायचा. रेडिओवाले पेपर बघायचे, त्याची बायको ब्रीजी पेपर बघायची, टॉससुद्धा पेपर बघायचा. डिम्पनाला स्वतःची भयंकर चीड आली. त्या चिडीतही इतका थकवा होता, की ती नुसती बसून राहिली.

मग उठली आणि जिना चढून वर गेली. वरच्या खोलीत जुन्या अंकांचे बांधलेले गठ्ठे होते. सत्त्याऐंशीचा तिने खिडकीपाशी ओढून आणला. ऑक्टोबर. अंतिम सामना. बातमी तिचीच, नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली. ती तेव्हा जार्लथला ओळखतसुद्धा नव्हती.

'५१व्या मिनिटाला जे. टार्पीने डाव्या पायाने ४० यार्डांवरून गुण मिळवला.'

बस, एवढंच. डावा पाय बरोबर, चाळीस यार्ड बरोबर. बुटाचं काहीच नव्हतं. बूट निघाला होता, तिने स्वतः पाहिलं होतं. पुढे लग्न झाल्यावर जार्लथ वर्षानुवर्षं तिला चिडवायचा, "अगं बाई, जगात एकमेव माणूस मोज्यावर पॉइंट मारतो आणि तू तेच गाळतेस?" आणि ती म्हणायची, "बुटाला गुण नसतो."

त्या वर्षी जिल्ह्यात रेडिओ नव्हता, कोणी चित्रणही केलं नव्हतं. टॉस तेव्हा गोलमागे पांढरा कोट घालून उभा होता, झेंडेवाला पंच म्हणून. तो पांढरा झेंडा त्यानेच वर केला होता.

ती खाली आली तेव्हा टॉस तिच्या टेबलापाशी बसलेला होता. सोमवारचा तो बाराला यायचाच. हातात कागदाची पिशवी, तिच्यात दोन स्कोन, बेकरीतले गोडसर पाव, एक बेदाण्यांचा त्याचा, एक साधा तिचा. तिला बेदाणे आवडत नाहीत हे तो एकदाही विसरला नव्हता. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. दोन्ही बेदाण्यांचे होते.

"काय मग, कातरीबाई?" टॉस म्हणाला. तो तिला हेच म्हणायचा. "किती कापलंस मला आज?"

"बरंच."

"देवदूत ठेवलेस का?"

"नाही."

"गेल्या जन्मी न्हावी होतीस तू. चहा कुठाय?"

तिने चहा आणला. फिंटन बँकेत गेला होता, ऑफिसात दोघंच होती. टॉस फायनलविषयी बोलत होता. ते त्याचं तिसावं वर्ष असणार असं तो म्हणाला. खरं तर सत्ताविसावं. रेडिओवाले केक आणणार होते. ब्रीजीने त्याच्यासाठी नवा कोट घेतला होता. पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी दहा-बारा हजार लोक मैदानात, त्याच्या दुप्पट रेडिओवर, आणि मध्येच कुठेतरी त्याच्या तोंडून मेलेली माणसं पळायला लागली तर? काल कोणी हसलं नाही. त्या दिवशी हसतील. पबमध्ये त्याच्या नकला करतील. आणि तिने आज काही सांगितलं नाही, तर त्याला वाचवता येणार नव्हतं, कारण थेट समालोचनाला बुधवारचा पेपर नसतो.

सांगायचं कसं? तिने मनात तीन-चार प्रकारे वाक्य सुरू करून पाहिलं. 'टॉस, तुझी काळजी वाटते.' छे. 'टॉस, वय झालं की असं होतं.' त्याहून वाईट. गोड बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि जे गोड बोलतात त्यांच्यावर टॉसचा विश्वास नव्हता. तिला एकच गोष्ट येत होती.

तिने समोरचा कागद घेतला आणि बातमी वाचावी तशी बोलायला लागली.

"टॉस, ऐक. काल बेचाळिसाव्या मिनिटापर्यंत तुझं सगळं बरोबर आहे. त्रेचाळिसाव्या मिनिटाला द्रुमकासच्या ओरन गिल्डीने स्वतःच्या भागातून बॉल घेतला. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला उजव्या पायाने पंचवीस मीटरवरून गुण मारला. तू ते सांगितलं नाहीस."

"निसटलं असेल. माझ्यापुढे एक लंबूटांग उभा होता—"

"त्या दीड मिनिटात तू जार्लथचा सत्त्याऐंशीचा पॉइंट सांगितलास."

"मग? आठवण झाली असेल. सांगतोच मी."

"आठवण म्हणून नाही. चालू सामना म्हणून. शेवटी तू विचारलंस, आत्ता कोणी मारला. तारीख अकरा सप्टेंबर, तू फॅलनला त्याच्या काकाचं नाव दिलंस, चार वेळा. पंचवीस सप्टेंबर, नऊ नंबरचं नाव अख्खा सामना चुकलं, आणि त्या दिवशी पत्रिका बरोबर होती, मी नंतर तपासली. दोन ऑक्टोबर, मध्यंतर झाल्यावर तू मैदानाचं नाव चुकीचं सांगितलंस. मी हे सगळं दुरुस्त केलं आणि तुला बोलले नाही. ती माझी चूक."

तिने कागद खाली ठेवला. एकही विशेषण नव्हतं. आवाज कुठे हलला असेल तर शेवटच्या वाक्याला, तेवढाच.

टॉसने हातातला स्कोन पिशवीत परत ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "तुला काय वाटतं, मला कळत नाही?" तो एकदम खेकसला. "परवा गाडी लावली कुठे, अर्धा तास शोधत होतो! ब्रीजीला सांगितलं, दोस्त भेटला होता! दोस्त!" मग त्याचा आवाज बसला. "मला वाटलं, मैदानावर नाही होणार. मैदानावर मी ठीक असतो, डिम्पना."

"असायचास."

"तू कधीतरी खोटं बोल ना गं," तो म्हणाला. "एकदा. माझ्यासाठी."

"दोन महिने तेच केलं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले. ह्या टेबलावर ती याआधी कधी रडली नव्हती, नवरा गेला तेव्हासुद्धा.

"लाव," टॉस म्हणाला. "तो तुकडा लाव."

"कशाला?"

"मला ऐकायचंय मी काय केलं ते."

तिने हेडफोनची वायर उपटली आणि आवाज खोलीत सोडला. दोघं ऐकत बसली. जार्लथ टार्पी निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, बूट चिखलात राहिला. टॉस स्वतःच्या आवाजाकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. पांढरा झेंडा वर गेला, आणि मग ती कुजबुज आली, 'आत्ता कोणी मारला?' डिम्पनाने पशुखाद्याच्या आधी बंद केलं.

"बरोबर होतं का?" टॉसने विचारलं.

"काय?"

"पॉइंट. जार्लथचा. मी सांगितलं ते बरोबर होतं का? तू तपासलं असशीलच, तुला मी ओळखतो."

"तपासलं," ती म्हणाली. "डावा पाय. चाळीस यार्ड. वारा समोरून. सगळं बरोबर."

"आणि बूट?"

"बूट माझ्या बातमीत नाही."

"नाहीच असणार." त्याला हसू आलं, थोडंसं. "तो बिचारा मरेपर्यंत बोंबलत होता त्या बुटावरून."

"बूट निघाला होता," डिम्पना म्हणाली. "उजवा. मी पाहिलं होतं."

टॉसने मान डोलावली. खाली रस्त्यावर कुणाचा तरी ट्रॅक्टर थांबून पुन्हा निघाला. मग त्याने तिच्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला. रेडिओचा नंबर त्याला पाठ होता, सत्तावीस वर्षांचा, तो काही चुकला नाही. पलीकडे कोणीतरी उचलला. डिम्पनाला वाटलं, आता हा सुरू होणार. संत येतील, पंचांचे चष्मे येतील, केकचा विनोद होईल आणि त्या गदारोळात खरी गोष्ट बुडून जाईल. तिने सवयीने पेन्सिल उचलली.

"टॉस मॅन्यन बोलतोय," तो म्हणाला. आवाज साधा होता. ती ओळखत नव्हती असा. "पंधरा दिवसांनंतरची फायनल मी करणार नाही. काल चव्वेचाळिसाव्या मिनिटाला ओरन गिल्डीने पॉइंट मारला आणि मी तो पाहिला नाही. असं गेले दोन महिने होतंय. दुसरा माणूस बघा."

त्याने फोन ठेवला. पाच वाक्यं होती. डिम्पनाने पेन्सिल खाली ठेवली, कारण त्यातून कापण्यासारखं काहीच नव्हतं.

"ब्रीजीला काय सांगू?" त्याने विचारलं.

"हेच. मी येते सोबत. चारला पान गेलं की निघू."

"मग आटप," टॉस म्हणाला आणि पिशवीतून स्कोन काढून त्यातले बेदाणे एकेक वेचून बशीत ठेवायला लागला. तिच्या लक्षात आलं, तो तिचा स्कोन होता.

ती टाइप करायला लागली. पावणेचारला बातमी पुरी झाली, सातशे बारा शब्द. तळाशी यादी. द्रुमकास : गोल आणि गुण मिळवणारे. त्यात सगळ्यात शेवटी, ओ. गिल्डी, ०-१. तिने बेरीज केली. १-११. बरोबर.

मग ती वर गेली, बातमीच्या मध्यावर. तिथे होतं : '४४व्या मिनिटाला ओरन गिल्डीने उजव्या पायाने २५ मीटरवरून गुण मिळवला.' तिने ते वाचलं. एकतीस वर्षं असंच लिहिलेलं. गिल्डीच्या घरी एक म्हातारा बुधवारची वाट बघत बसला होता.

"टॉस," तिने न वळता विचारलं, "बचावपटू स्वतःच्या भागातून पन्नास मीटर पळत आला, कोणी अडवलं नाही. आयुष्यातला पहिला पॉइंट. तू काय म्हणाला असतास?"

टॉसने बशी बाजूला ठेवली आणि घसा खाकरला.